माल मागून, यादी पुढे : एएसएनचा इतिहास आणि एका संदेशाचं वाचन

गोदामाच्या दारात ट्रक लागतो, फाळका उघडतो, आत दोन खोके असतात. खोक्यांत काय आहे हे गोदामाला कसं कळतं? जुनं उत्तर सोपं होतं : ड्रायव्हरच्या हातातल्या चलानावरून. चलान मालाबरोबरच येई, त्यामुळे कोणती यादी कोणत्या मालाची हा प्रश्नच पडत नसे. पण माल दारात येईपर्यंत गोदामाला काहीच माहीत नसे. किती माणसं लावायची, कुठली जागा रिकामी करायची, हे सगळं फाळका उघडल्यावर ठरायचं.

अ‍ॅडव्हान्स शिपिंग नोटीस, म्हणजे एएसएन, हे उलटं करते. पुरवठादाराने माल पॅक करून ट्रकमध्ये चढवला की खोकानिहाय यादी एका संगणकातून दुसऱ्या संगणकात जाते. माल रस्त्यावर असतानाच यादी पोचलेली असते. अशा ठरावीक साच्यातल्या संदेशांच्या देवाणघेवाणीला इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज म्हणतात, थोडक्यात ईडीआय.

सप्लाय चेन किंवा ऑपरेशन्सवर संशोधन करायचं ठरवलं, तर कधी ना कधी तुमच्या हातात 'एएसएन डेटा' नावाची एक नीटनेटकी फाईल पडेल. खोका क्रमांक, वस्तू, नग, तारीख, वेळ, सगळे कॉलम भरलेले. त्या फाईलवर मॉडेल चालवण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. त्यातला प्रत्येक आकडा 'काय आलं' ते सांगत नाही, तर 'पाठवणाऱ्याने काय पाठवलं असं म्हटलं' ते सांगतो. हा फरक कुठून आला ते कळायला थोडं मागे, १९४८ सालच्या बर्लिनमध्ये जावं लागेल.

बर्लिन : यादीचा साचा

जून १९४८ मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. शहराला जगवण्यासाठी अमेरिका आणि ब्रिटनने विमानांनी माल न्यायला सुरुवात केली. पुढच्या सव्वा वर्षात पावणेतीन लाखांहून जास्त फेऱ्या झाल्या आणि सुमारे २३ लाख टन माल गेला. त्यात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा होता, शिवाय पीठ आणि इतर अन्नधान्य.

विमानं उडवणं अवघड होतंच, पण कागदांचा घोळही कमी नव्हता. प्रत्येक खेपेबरोबर मालाची यादी असे, आणि त्या याद्या वेगवेगळ्या नमुन्यांत, वेगवेगळ्या भाषांत, कमीजास्त प्रतींत येत. एका यादीत वजन आधी, दुसरीत शेवटी. दिवसाला शेकडो विमानं उतरत असताना हे वाचत बसायला कुणाला वेळ असणार? अमेरिकन लष्करातल्या एडवर्ड गिल्बर्ट या मास्टर सार्जंटने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एकच प्रमाणित यादी तयार केली. तिचं वैशिष्ट्य असं की ती टेलेक्सवर, रेडिओ-टेलिटाइपवर किंवा फोनवर वाचून दाखवूनही पाठवता येई. कुठली माहिती कोणत्या क्रमाने येणार हे आधीच ठरलेलं असल्यामुळे पलीकडच्या माणसाला फक्त ऐकून लिहून घ्यायचं होतं.

इथे यादी मालापासून सुटी झाली. कागद विमानात असो वा नसो, माहिती तारेवरून पुढे जाऊ शकत होती.

गिल्बर्ट पुढे ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीत गेला. साठच्या दशकात तिथे त्याने ड्यूपॉन्ट आणि तिचा माल टँकरने वाहून नेणारी केमिकल लीमन टँक लाइन्स यांच्यात मालाची माहिती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायची सोय उभी केली. त्याच सुमारास, १९६५ मध्ये, हॉलंड-अमेरिका लाइन ही जहाज कंपनी अटलांटिकपलीकडे मालयाद्या टेलेक्सने पाठवू लागली आणि त्या टेपवर घेऊन संगणकात भरल्या जाऊ लागल्या. आता यादी वाचणारा माणूस नव्हता, यंत्र होतं. माणसाला '२ डझन', 'दोन डझन' आणि '२४ नग' हे एकच आहे हे कळतं. यंत्राला कळत नाही. म्हणून नुसता क्रम ठरवून भागेना, प्रत्येक रकान्यात कोणते शब्द चालतील याची कोडयादीही ठरवावी लागली.

प्रत्येकाचा वेगळा साचा असेल तर?

समजा दहा पुरवठादार आहेत आणि दहा गोदामं. प्रत्येक जोडीने आपापसात साचा ठरवला तर शंभर साचे होतात आणि दोन्ही बाजू मिळून दोनशे वेळा प्रोग्रॅम लिहावा लागतो. सगळ्यांनी मिळून एकच साचा मान्य केला तर प्रत्येकाने एकदाच, म्हणजे एकूण वीस वेळा काम करायचं. हा साधा हिशेब अमेरिकेतल्या वाहतूक उद्योगाने मनावर घेतला. १९६८ मध्ये ट्रान्सपोर्टेशन डेटा कोऑर्डिनेटिंग कमिटी स्थापन झाली. तिचं नेतृत्व गिल्बर्टकडेच होतं. १९७५ मध्ये तिने पहिली प्रमाणकं प्रसिद्ध केली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणक संस्थेने, म्हणजे आन्सीने, सगळ्या उद्योगांसाठी मिळून 'एक्स१२' ही समिती नेमली. युरोपात आणि बाकी जगात पुढे संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली 'एडिफॅक्ट' आलं. त्याचं व्याकरण १९८८ मध्ये आयएसओ ९७३५ म्हणून प्रसिद्ध झालं.

एक्स१२ मध्ये प्रत्येक व्यवहाराला तीन आकडी क्रमांक आहे. खरेदीची ऑर्डर ८५०, बीजक ८१०, आणि माल निघाल्याची सूचना ८५६. हीच आपली एएसएन. एडिफॅक्टमध्ये तिचं नाव `DESADV`. दोन्हींची भाषा वेगळी असली तरी सांगायचं तेच आहे.

एक संदेश वाचून बघू

खालचा संदेश मी समजावण्यासाठी रचलेला आहे. त्यातला कंपनी क्रमांक उदाहरणांसाठी वापरला जाणारा आहे. बाहेरची पाकिटं, म्हणजे कुणाकडून कुणाला हे सांगणाऱ्या ओळी, इथे गाळल्या आहेत.

```
ST*856*0001~
BSN*00*SH4471*20240312*1640*0001~
HL*1**S~
TD1*CTN25*2~
REF*BM*BL90211~
DTM*011*20240312~
HL*2*1*O~
PRF*PO7783~
HL*3*2*P~
MAN*GM*00006141410000044177~
HL*4*3*I~
LIN**UP*614141000036~
SN1**24*EA~
HL*5*2*P~
MAN*GM*00006141410000044184~
HL*6*5*I~
LIN**UP*614141000043~
SN1**12*EA~
CTT*6~
SE*20*0001~
```

पहिल्यांदा बघताना हे गचाळ वाटतं. पण हा संदेश ज्या काळात घडला त्या काळी मध्यस्थ नेटवर्क कंपन्या हजार अक्षरांच्या हिशेबाने पैसे लावत. म्हणून रकान्यांची नावं पाठवायची नाहीत, रिकाम्या जागा पाठवायच्या नाहीत. नुसती माहिती, मध्ये `*`, आणि ओळ संपली की `~`. कितव्या जागी काय येतं हे दोघांना आधीच माहीत असतं. बर्लिनच्या यादीतही युक्ती हीच होती.

आता वाचू. `BSN` ही ओळ संदेशाची ओळख देते : शिपमेंटचा क्रमांक SH4471, तारीख १२ मार्च २०२४, वेळ १६:४०. ही वेळ संदेश तयार झाल्याची आहे, आणि ती पाठवणाऱ्याच्या घड्याळातली आहे. ओळीच्या शेवटचा 0001 सांगतो की पुढची रचना शिपमेंट, ऑर्डर, पॅकिंग, वस्तू या क्रमाने आहे. `TD1` सांगते की खोके दोन आहेत. `REF*BM` मध्ये वाहतुकीच्या बिल्टीचा क्रमांक. `DTM*011` म्हणजे माल निघाल्याची तारीख. `PRF` मध्ये खरेदीच्या ऑर्डरचा क्रमांक, ज्यामुळे गोदामाला हा माल कुठल्या मागणीपोटी आला ते जुळवता येतं. `LIN` मध्ये वस्तूचा बारकोड क्रमांक आणि `SN1` मध्ये पाठवलेले नग. `EA` म्हणजे सुटे नग.

या संदेशाचा कणा म्हणजे `HL` ओळी. ऑर्डर किंवा बीजक ही सरळ यादी असते, एकाखाली एक वस्तू. पण ट्रकमधला माल तसा नसतो. ट्रकमध्ये खोके, खोक्यात वस्तू, कधी खोके पॅलेटवर. ही आत-आत असलेली मांडणी सपाट यादीत मावत नाही. म्हणून प्रत्येक `HL` ओळीत तीन गोष्टी असतात : माझा क्रमांक, माझ्या पालकाचा क्रमांक, आणि मी कोणत्या पातळीवर आहे. `HL*4*3*I` म्हणजे 'मी चौथा, माझा पालक तिसरा, मी वस्तू आहे'. तिसरा कोण? `HL*3*2*P`, एक खोका. त्याचा पालक दुसरा, म्हणजे ऑर्डर. तिचा पालक पहिला, म्हणजे अख्खं शिपमेंट. डेटा स्ट्रक्चर शिकलेल्यांना हे लगेच ओळखू येईल : पालकाकडे बोट दाखवणारं साधं झाड. एडिफॅक्टमध्ये हेच काम `CPS` ही ओळ करते.

`CTT*6` म्हणजे `HL` ओळी सहा, आणि `SE*20` म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकूण ओळी वीस. मोजून बघा. एखादी ओळ वाटेत गळली तर हा आकडा जुळत नाही आणि संदेश नाकारला जातो.

सुटलेली यादी परत बांधायची कशी?

यादी मालापासून सुटी केल्यावर नवा प्रश्न उभा राहिला. संदेश संगणकात आहे, खोका डॉकवर आहे. या खोक्याबद्दलच तो संदेश बोलतोय हे कसं ठरवायचं?

दुकानातला बारकोड इथे पुरत नाही. जून १९७४ मध्ये ओहायोतल्या ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटात च्युइंगमच्या पाकिटावर तो पहिल्यांदा स्कॅन झाला. पण तो वस्तूचा प्रकार सांगतो. त्या प्रकारच्या हजारो पाकिटांवर एकच क्रमांक असतो. गोदामाला हवा असतो 'हाच खोका' सांगणारा क्रमांक, मोटारीच्या नंबरप्लेटसारखा. गाडीच्या नंबरावरून आत कोण बसलंय ते कळत नाही, पण गाडी नेमकी कोणती ते कळतं. बाकीची माहिती नोंदवहीत शोधायची.

हा क्रमांक म्हणजे सिरियल शिपिंग कंटेनर कोड, म्हणजे एसएससीसी. तो अठरा आकडी असतो. आपल्या उदाहरणातला पहिला खोका घ्या : 006141410000044177. पहिला 0 हा जादाचा अंक, पुढचे सात आकडे 0614141 हा कंपनीचा क्रमांक, त्यापुढचे नऊ 000004417 हा कंपनीने त्या खोक्याला दिलेला अनुक्रमांक, आणि शेवटचा 7 हा चेक डिजिट. संदेशात आणि लेबलवर याच्या आधी आणखी एक 00 लागतो. 'पुढे एसएससीसी आहे' एवढंच तो सांगतो. म्हणून `MAN` ओळीत वीस आकडे दिसतात.

चेक डिजिट हाताने काढून बघा. पहिले सतरा आकडे लिहा. पहिला, तिसरा, पाचवा अशा विषम जागांवरच्या आकड्यांची बेरीज २५ येते. तिची तिप्पट ७५. सम जागांची बेरीज ८. एकूण ८३. पुढचा दहाच्या पटीतला आकडा ९०, फरक ७. दुसऱ्या खोक्याचा अनुक्रमांक एकाने जास्त, 4418. म्हणून विषम बेरीज २६, तिप्पट ७८, अधिक ८, एकूण ८६, आणि चेक डिजिट ४. लेबलवरचा कोणताही एक आकडा चुकीचा टाइप झाला तर हा हिशेब तो पकडतोच. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर बहुतेक वेळा पकडतो. फक्त त्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असेल, जसं १ आणि ६, तर चूक निसटते.

आता डॉकवरचं काम किती बदललं बघा. कामगार खोका उघडत नाही. लेबलवर स्कॅनर धरतो, टिक् आवाज होतो, संगणक तो एसएससीसी आलेल्या एएसएनमध्ये शोधतो, त्याच्याखालच्या वस्तू आणि नग स्टॉकमध्ये चढवतो आणि ठेवायची जागा सांगतो. मोजणी नाही, चलानाशी ताडणं नाही.

वाचलेला वेळ खरा आहे. पण तो मोजणी न करण्यातून आलाय, हे संशोधकाने डोक्यात ठेवायचं.

दोन लेबलांची अदलाबदल

आपल्याच शिपमेंटमध्ये एक गडबड घालून बघू. पुरवठादाराकडे पॅकिंग टेबलावर दोन खोके तयार आहेत. एकात वस्तू ...036 चे २४ नग, दुसऱ्यात ...043 चे १२ नग. प्रिंटरमधून दोन लेबलं आली आणि घाईत एकाचं दुसऱ्यावर चिकटली.

गोदामात काय होईल? पहिलं लेबल स्कॅन झालं, चेक डिजिट बरोबर, एएसएनमध्ये क्रमांक सापडला. दुसऱ्याचंही तसंच. खोके दोन आले पाहिजेत, दोन आले. स्टॉकमध्ये ...036 चे २४ आणि ...043 चे १२ चढले. प्रत्यक्षातही गोदामात तेवढेच नग आले आहेत. प्रत्येक बेरीज जुळते. अहवालात या रिसीव्हिंगची अचूकता शंभर टक्के दिसेल.

फक्त माल उलट्या जागी गेला. काही आठवड्यांनी ...036 चे पाच नग काढायला माणूस त्या रॅकवर जातो आणि तिथे ...043 सापडतात. तो स्क्रीनवर 'माल नाही' नोंदवतो. ग्राहकाची ऑर्डर अडकते, आणि दोष बहुधा माल काढणाऱ्याच्या किंवा ठेवणाऱ्याच्या नावावर जातो.

ही चूक नंतरच्या डेटावरून ओळखता येते. जागेवरची मोजणी झाली की पहिल्या जागी ...036 चे २४ कमी आणि ...043 चे १२ जास्त निघतात. दुसऱ्या जागी बरोबर उलटं. वस्तूनिहाय बेरीज शून्य, आणि चारही दुरुस्त्या एकाच एएसएनमधल्या दोन खोक्यांशी जोडलेल्या. असा आरशातला नमुना दिसला की लेबलांची अदलाबदल समजा. उलट एकाच वस्तूची तूट निघाली आणि ती कुठेच जास्त सापडली नाही, तर खोक्यात माल कमी भरला होता किंवा नंतर गेला. दोन्हींना 'स्टॉक एरर' या एकाच खान्यात टाकलं तर कारणांचा शोध तिथेच संपतो.

डॉकवरच हे पकडायचं असेल तर एएसएनपासून स्वतंत्र असलेलं एक माप लागतं. वजन हे त्यातलं स्वस्त माप. प्रत्येक नग पाव किलोचा धरला तर एका खोक्यात ६ किलो माल, दुसऱ्यात ३. खोक्याचं वजन संदेशात असेल आणि डॉकवर काटा असेल तर फरक लगेच दिसतो. दोन्ही खोक्यांचं वजन सारखंच असतं तर काटाही गप्प बसला असता. मग काही खोके नमुन्यादाखल उघडून मोजणं एवढाच मार्ग उरतो.

यादी मागून आली तर, आणि यादीच खोटी असेल तर

'अ‍ॅडव्हान्स' हा शब्द नावात आहे म्हणून संदेश आधी पोचतोच असं नाही. समजा पुरवठादार गोदामापासून चाळीस मिनिटांवर आहे. ट्रक १६:४० ला निघाला, १७:२० ला पोचला. संदेशही १६:४० लाच तयार झाला, पण पुरवठादाराची प्रणाली दर तासाला संदेश सोडते, म्हणून तो १७:०० ला निघाला आणि मध्यस्थ नेटवर्कच्या पेटीत पडला. गोदाम ती पेटी दर अर्ध्या तासाने उघडतं. १७:०० ची वेळ तो येण्याआधीच होऊन गेली होती, म्हणून १७:३० ला उचलला. ट्रकपेक्षा दहा मिनिटं उशिरा.

या दहा मिनिटांत डॉकवरच्या माणसाने वाट न बघता ऑर्डर क्रमांकावर हाताने माल चढवलेला असतो. मग एएसएन येते आणि 'माल वाटेत आहे' म्हणून उघडी राहते. एकच माल कागदावर दोनदा : एकदा स्टॉकमध्ये, एकदा वाटेत. तुमच्या डेटामध्ये महिनोन्महिने बंद न झालेल्या एएसएन दिसल्या, आणि त्याच ऑर्डर क्रमांकावर एएसएनशिवाय झालेली आवक सापडली, तर हे झालंय असं समजा. `BSN` मधली वेळ बघून मात्र काहीच कळणार नाही. ती १६:४० च आहे, ट्रक पोचायच्या आधीची. संदेश गोदामाला *मिळाल्याची* वेळ वेगळी मागून घ्यावी लागते, आणि ती या संदेशात नसते.

दुसरा प्रकार जास्त अवघड आहे. एएसएन उशिरा आली किंवा आलीच नाही तर अमेरिकेतले मोठे खरेदीदार पुरवठादाराच्या बिलातून दंड कापतात. छोट्या पुरवठादाराकडे प्रत्येक खोका भरताना स्कॅन करायची सोय नसते. मग सोपी वाट निघते : ऑर्डरमधले आकडे उचलून तेच एएसएनमध्ये घालायचे. ऑर्डर २४ ची, माल होता २२, एएसएन म्हणते २४. संदेश वेळेवर गेला, साचा बरोबर, दंड टळला. पण हा संदेश पॅकिंग टेबलावरून आलेला नाही, ऑर्डरची ती नक्कल आहे.

याची खूण अशी : एखाद्या पुरवठादाराच्या महिनोन्महिन्यांच्या ओळींत `SN1` चा आकडा ऑर्डरच्या आकड्याशी जवळजवळ नेहमी तंतोतंत जुळतो. खऱ्या पॅकिंगमध्ये अधूनमधून कमीजास्त होतंच. तेव्हा जास्त स्वच्छ डेटा म्हणजे जास्त चांगला पुरवठादार, असा निष्कर्ष काढायची घाई करू नका.

इथे एक गैरसमजही काढून टाकू. संदेश मिळाला की गोदामाची प्रणाली ९९७ क्रमांकाची पोच परत पाठवते. 'स्वीकारलं' असं त्यात असतं, म्हणून ते मालाबद्दल आहे असं वाटतं. पण ९९७ फक्त एवढंच सांगते की संदेशाचं व्याकरण बरोबर होतं : ओळी वीसच होत्या, कोड यादीतले होते. २४ ऐवजी २२ नग भरले असते तरी ९९७ हीच आली असती. प्रत्यक्ष काय मिळालं हे सांगणारा संदेश वेगळा आहे, ८६१. आणि तोही गोदामाने खोका उघडून मोजला असेल तरच स्वतंत्र साक्ष ठरतो. एएसएनमधले आकडे स्कॅन करून चढवले आणि तेच ८६१ मध्ये परत पाठवले, तर पुरवठादाराला त्याचंच म्हणणं परत ऐकवल्यासारखं होतं.

आपल्याकडचा डेटा वापरताना

पुणे-चाकण भागातल्या वाहन उद्योगात प्रोजेक्ट केलात तर एएसएन बऱ्याचदा वेगळ्या रूपात भेटेल. तिथे पुरवठादार ग्राहक कंपनीच्या पोर्टलवर बसून ती भरतात. एक्स१२ च्या ओळी दिसणार नाहीत, पण रकाने ओळखीचे वाटतील : ऑर्डर क्रमांक, पार्ट क्रमांक, नग, गाडी क्रमांक. एएसएनची आणि ई-वे बिलाची गल्लत मात्र करू नका. ई-वे बिल करासाठी असतं. माल काय, किंमत किती, गाडी कोणती हे त्यात असतं, कोणत्या खोक्यात काय आहे ते नसतं. दोन्हींतले आकडे जुळले तरी आनंद करू नका, कारण दोन्ही भरणारा बहुधा एकच माणूस असतो.

म्हणून डेटा मागतानाच तीन वेळा वेगवेगळ्या मागा : संदेश तयार झाल्याची, गोदामाला मिळाल्याची, आणि ट्रक फाटकातून आत आल्याची. शेवटची वेळ फाटकावरच्या रजिस्टरमध्ये असते आणि बऱ्याच ठिकाणी ती अजून हातानेच लिहिली जाते. मग नगांबद्दल एकच प्रश्न विचारा : हा आकडा कुणी मोजला, की कुणीतरी कुठून तरी उचलला? शक्य असेल तर एक दिवस डॉकवर उभे राहा, परवानगी घेऊन वीसेक खोके उघडा, आणि त्यांची मोजणी एएसएनच्या शेजारी लिहून काढा. वीस खोक्यांवरून टक्केवारी सांगता येणार नाही. पण तुमच्या फाईलमधला `SN1` पॅकिंग टेबलावरून येतो की ऑर्डरवरून, याचा पहिला अंदाज त्यातून येईल, आणि पुढच्या प्रकरणात तो कॉलम कोणत्या नावाने वापरायचा तेही ठरेल : 'आलेले नग' की 'पाठवल्याचं सांगितलेले नग'.